दोनला येते म्हणाले होते

सकाळी कामाला बसून तासही झाला नव्हता, तोच बाहेर धडाम् असा आवाज झाला आणि पंखा थांबला. आमच्या निरवांगी गावात लाईट जाण्याचं कुणाला काही वाटत नाही, पण त्या आवाजाला मी दचकले. माझे सासरे दुकानात पाईपचे सांधे लावून ठेवत होते. ते तिथूनच ओरडले, "गेला बघ डीपी!" डीपी म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून काम करते. बनवलेलं सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जाण्याआधी ते नीट चालतं का, हे तपासायचं. त्या दिवशी संध्याकाळी एक नवी आवृत्ती जायची होती आणि तिची शेवटची तपासणी माझ्याकडे होती. लॅपटॉपला चार्जिंग होतं. राऊटरला छोटी बॅटरी लावलेली होती, त्याचे दिवेही चालू होते. तरी नेट बंद. गावातला फायबरचा डबा त्याच लाईटवर चालतो, मग माझी बॅटरी काय करणार?

मोबाईलचं नेट अजून चालू होतं. मी टीमच्या ग्रुपवर लिहिलं, "आमच्याकडचा ट्रान्सफॉर्मर उडालाय. लाईट आणि वायफाय दोन्ही बंद. मोबाईलवर आहे. लाईनमनशी बोलून कळवते."

आमची टीम लीड पुण्यात असते. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी. तिचं लगेच उत्तर आलं, "ओके. किती वाजेपर्यंत?"

मी लाईनमनला फोन लावला. तो म्हणाला, "फ्यूज गेला आसंल भाभी. दोनपर्यंत बघू."

मी लिहिलं, "बहुतेक दोनपर्यंत येईल, पण नक्की नाही."

"बहुतेक नको. ग्राहकाला वेळ सांगायचीय. दोन धरू का?"

आता काय सांगणार? डीपीजवळ अजून कुणी पोचलंही नव्हतं. पण तिकडे पंधरा जण माझ्या उत्तराची वाट बघत होते. शेवटी लिहिलं, "हो, धरा." त्यावर चार अंगठे उमटले. लाईटनेच कबूल केल्यासारखे.

दुपारी जेवणं उरकत असताना सासरे डीपीवरून परतले. चेहरा उतरलेला.

"फ्यूज न्हाय गेला. डीपीच जळलाय. आतलं सगळं ऑइल खाली आलंय. नवा आणायचा म्हंजी उद्या-परवा."

"अब्बा, उद्या-परवा? मी त्यांना दोन सांगितलंय!"

"मग कळीव की. त्यांना काय म्हाईत, हितं काय झालंय ते?"

मी फोन उचलला आणि नीट विचार करून मेसेज लिहिला. दोनला जमणार नाही. लाईट आज येत नाही. मी बारामतीला बहिणीकडे निघालेय, साडेतीनच्या सुमारास तिथून सुरू करेन. तोवर तपासणी नागपूरच्या सहकाऱ्याकडे द्यावी, त्याला पायऱ्या माहीत आहेत. वाटेत फोन लागेलच असं नाही. पाठवायचं बटण दाबलं, फोन पिशवीत टाकला, लॅपटॉप, चार्जर आणि पाण्याची बाटली घेतली, बुरख्याची बटणं लावली आणि स्कूटीला किक मारली. निघताना वाटलं, चला, निदान सांगून तरी निघालेय.

मेसेज गेलाच नव्हता. मोबाईलच्या टॉवरलाही लाईट नव्हती आणि मी बटण दाबलं त्याच सुमारास त्याची बॅटरी संपली असणार. हे मला कळलं ते बरंच पुढे, रस्त्यात. पिशवीतला फोन अचानक थरथरायला लागला तो थांबेचना. बाभळीखाली स्कूटी उभी करून पाहिलं. माझ्या मेसेजखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं की तो पोचलेला नाही, पुन्हा पाठवा. आणि त्याच्याखाली सगळ्यांचे ओळीने आलेले मेसेज.

"दोन वाजले. आलीस का?"

"लाईट आली का?"

"अगं, आहेस का?"

"ग्राहक कॉलवर थांबलाय."

शेवटचा लीडचा होता. "निदान एक मेसेज तरी टाकायचा."

मला रडूच कोसळायचं बाकी होतं. केला होता ना मेसेज! मी तो पुन्हा पाठवला. गेला. पण आता त्यातलं 'दोनला जमणार नाही' वाचताना मलाच लाज वाटली, कारण अडीच वाजून गेले होते. लगेच लीडचा फोन आला. त्याच वेळी उसाच्या दोन ट्रॉल्या मोठ्याने गाणी लावून शेजारून गेल्या.

"कुठे आहेस तू? बाहेर आहेस?"

"बारामतीच्या रस्त्यावर. घरी नेट नाही म्हणून—"

"गाणी ऐकू येतायत."

"ट्रॅक्टरची आहेत ती."

ती म्हणाली, "हे बघ, लाईट जाते, समजू शकते. पण तू दोन सांगितलंस आणि गायब झालीस. मी तिकडे काय सांगायचं?"

"दोन मी नव्हतं सांगितलं. मी बहुतेक म्हणाले होते. नक्की वेळ तुम्ही मागितलीत."

माझा आवाज चढला होता. गवताचा भारा घेऊन जाणारी एक बाई थांबून माझ्याकडे बघायला लागली. लीड म्हणाली, "पोचलीस की बोलू," आणि फोन ठेवला.

बारामतीतल्या जळोचीला बहिणीच्या घरी पोचले तेव्हा डोळ्यांत धूळ होती आणि हात हँडल धरून आखडले होते. बहिणीने काही न विचारता टेबलावरचे इस्त्रीचे कपडे उचलले आणि वायफायचा पासवर्ड सांगितला. नागपूरच्या सहकाऱ्याने माझा मेसेज वाचून तपासणी सुरू केली होती, पण एका जागी अडकला होता. उरलेलं आम्ही दोघांनी मिळून केलं. आवृत्ती गेली, उशिरा का होईना. सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. माझं नाव कुणी घेतलं नाही, तेवढं मला ठळक दिसलं.

उठायच्या आधी लीडचा प्रश्न आलाच. "उद्या किती वाजता लाईट येईल?"

हा प्रश्न वाचून मला इतका राग आला की मी चहाचा कप बाजूला सारला. मग सावकाश लिहिलं, "लाईट कधी येईल ते मला माहीत नाही आणि विचारूनही कळणार नाही. मी कुठे असेन ते सांगते. ट्रान्सफॉर्मर बदलून घरचं नेट सुरू होईपर्यंत मी जळोचीतून काम करेन. उद्या सकाळी साडेनऊला इथे लॉगिन असेन. मी दिसले नाही तर बहिणीच्या नंबरवर फोन करा, तो तुम्हाला वेगळा पाठवते. घरी परत जायच्या आदल्या दिवशी कळवेन."

लीडचं उत्तर आलं, "ठीक. हे चालेल." सॉरी नाही, काही नाही. पण तिने वेळ मागितली नाही.

दोन दिवसांनी सासऱ्यांचा फोन आला. आवाजात उत्साह. "डीपी बसला! लाईट आली. ये आता घरी."

"अब्बा, राऊटरचे दिवे लागलेत का?"

"लागत्यात आन् इजत्यात. पंखा बी हळूहळू फिरतोय. व्होल्टेज न्हाय."

मी ग्रुपवर 'उद्यापासून घरून' असं अर्धं लिहिलं होतं, ते पुसून टाकलं. बहिणीला म्हटलं, अजून एक दिवस तुझं टेबल लागेल. ती म्हणाली, इस्त्री पलंगावर करीन.