न दिसणारी अक्षरे

ज्योत्सनाबाईंची ओळख दिघोरीच्या प्रौढ साक्षरता वर्गात झाली. या ओळी लिहिणाऱ्या म्हाताऱ्या हाताला अक्षरे गिरवण्यास त्यांनीच शिकवले. पुढील हकिकत त्यांनी वर्गासमोर स्वतःहून सांगितली होती. त्यांच्या परवानगीनेच ती येथे लिहिली आहे.

तेव्हा त्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. लघुप्रबंधाचा विषय होता गावतलावातील मासेमारी. वडील फकिरा ढिवर, म्हणजे मासेमार; त्यांचा जन्म तलावात जाळे टाकण्यात गेला. परंतु मुलीने त्यांना एक शब्दही विचारला नाही. मुदत अंगावर आली तेव्हा तिने एका जुन्या प्रबंधातला अख्खा अध्याय उतरवला. तपासणीचे सॉफ्टवेअर नक्कल पकडेल, या धास्तीने शब्द बदलले. 'पाळ', म्हणजे तलावाचा बांध, होती तेथे 'किनारा' आला, 'जाळे' होते तेथे 'पाश'. तरी जिवाला स्वस्थता नाही. मग मोबाइलवरचा एक व्हिडिओ पाहून शब्दांच्या पोटात, पडद्यावर न दिसणारी अक्षरे घातली. पान अगदी स्वच्छ दिसत होते.

लघुप्रबंध दिल्यावर चौथ्या दिवशी मार्गदर्शक वच्छला मॅडमनी भंडाऱ्याला कॉलेजात बोलावून संगणकासमोर बसवले.

"ज्योत्सना, यात 'तलाव' शोध बरं."

पानभर तलाव दिसत होते. संगणक म्हणाला, एकही नाही.

"सॉफ्टवेअरनं आधी ही लपवलेली चिन्हंच दाखवली. ती काढून मजकूर ताडला, तर वाक्यांचा क्रम तोच, संदर्भ तेच. मूळ लेखकाची बेरीज चुकली, तुझीही तिथंच चुकली. अन् हे काय लिहिलंस? 'पावसात किनारा फुटला.' किनारा फुटतो काय गं? ढिवराची पोरगी ना तू?"

ज्योत्सना म्हणाली, "घाई झाली, मॅडम."

"घाईत संदर्भ राहिला असता तर मी टाकायला लावला असता, विषय संपला असता. पण हे तू बसून, विचार करून लपवलंस. आता मले समितीकडे पाठवणं भाग आहे."

समितीने लघुप्रबंध नाकारला. पदवी एक वर्ष पुढे गेली. नव्याने लिहिण्याची एक संधी तेवढी मिळाली.

घरी तिने सारे सांगितले. फकिरा जाळ्याची तुटलेली गाठ बांधत होते. हात थांबला.

"ते पाळ फुटली तवा मीच होतो ना वो तेथं. मले काहून नाही इचारलं?"

समितीपुढे न आलेले रडू तिला तेव्हा आले. आपल्या बापाला काय कळते, असे आपण मनातून धरले होते, हे तिला त्या प्रश्नाने कळले. ती लाज अजून गेली नाही, असे ज्योत्सनाबाई वर्गात म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कोरी वही घेऊन ती वडिलांपुढे बसली आणि म्हणाली, "बाबा, मले तलावाचं पहिल्यापासून सांगा, अन् लिहिताना तुमचं नाव टाकू द्या."