गेटसमोरचा पिवळा पट्टा

गोंदियातल्या एका सरकारी दवाखान्यात मी रुग्णवाहिका चालवतो. आमच्या गेटसमोर फूटपाथच्या कडेवर सलग पिवळा पट्टा होता. सलग पिवळा म्हणजे इथे गाडी उभी करायची नाही. कुडव्याकडून येणारे दुचाकीवाले कुरकुरायचे, पण पट्टा दाखवला की गाडी काढायचे.

मग मंत्र्यांचा दौरा ठरला. आमच्याकडे दौरा ठरला की सगळ्यांत आधी रंगवाले येतात. त्यांनी पूर्ण रस्त्याची कड काळी-पांढरी करत आणली आणि आमच्या पिवळ्यावरही ब्रश फिरवला.

"पिवळा काऊन पुसून राहिले?" मी ओरडलो.

"साहेबाले अख्खा रोड एकसारखा पायजे," रंगवाला म्हणाला.

काळे-पांढरे पट्टे असतात ते अंधारात कड दिसावी, तिच्यावर चाक आदळू नये म्हणून. गाडी लावू नका, असं ते कोणाला सांगत नाहीत.

मंत्र्यांचा ताफा नेमका तिथंच उभा राहिला. तो गेला आणि दुचाकींची रांग लागली. त्याच आठवड्यात केशोरीहून बाळंतपणात अडलेली एक बाई आणली. मी हॉर्न वाजवून वाजवून थकलो. एकजण शांतपणे म्हणाला, "पीली पट्टी किधर है?"

त्याचं काय चुकलं? शेवटी त्या कण्हत्या बाईला आम्ही स्ट्रेचरवर, दुचाकींच्या फटीतून आत नेलं.

पिवळा परत मारा म्हणून रस्त्याचं काम पाहणाऱ्या साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "आता रंग पुढच्या दौऱ्यालाच मिळेल."

तेव्हापासून मंत्री कधी येतो, याची वाट मीच पाहून राहिलो.