भिंतीपलीकडच्या पावाचा भाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून माझी दाढदुखीसुद्धा लपत नाही. आमच्या कंपनीत सगळे धरून चालले आहेत की मी एकदा मन मोठं करून किचनच्या ताईंना पाव एक रुपयाने स्वस्त करून दिला. ताईही तसंच समजतात. त्या समजुतीपायी गेली काही वर्षं मी त्यांच्या हातचा सुका जवळा आणि तांदळाची भाकरी खातो आहे, आणि घास दरवेळी जरा अडकतो. अडकतो म्हणजे खाली जात नाही असं नाही. जवळा फारच चांगला असतो.

तळोज्याच्या एमआयडीसीत आमचा एक प्लॉट आणि त्यावर दोन शेड. एकात बेकरी. कळंबोलीपासून पनवेलपर्यंतच्या दुकानांना तिथून लादी पाव जातो. दुसऱ्यात मोठं किचन. आसपासच्या कारखान्यांच्या कॅन्टीनना तिथून नाश्ता आणि जेवण जातं. मध्ये एक भिंत. मालक एकच, पण शेठनी दोन्हींचा नफा वेगळा मोजायला सुरुवात केली आणि भिंत एकदम उंच वाटायला लागली. मी दोन्हीकडचं कॉस्टिंग बघायचो, म्हणजे दोन्हीकडे नकोसा होतो.

बेकरी अण्णांची. माणूस सोलापूरकडचा, आवाज भट्टीच्या दारासारखा. किचन ताईंचं. त्या तळवलीच्या. सासऱ्यांच्या जमिनीवर आता इमारती उभ्या आहेत, भाडं येतं, पण घरी बसून राहणं त्यांना जमत नाही. हाताखाली गावच्याच बायका.

आणि हे किचन पाव घ्यायचं नावड्याच्या एका बेकरीवाल्याकडून. सकाळी त्याचा टेम्पो आमच्या गेटवर यायचा, आमच्याच बेकरीची गाडी बाहेर पडेपर्यंत ताटकळायचा, आणि त्याचा ड्रायव्हर तेवढ्यात आमच्याच बेकरीची खारी चहात बुडवून खायचा. दुकानांचा माल गेला की आमची भट्टी रिकामी. भट्टीवरची माणसं पत्ते खेळत बसायची. हे शेठनी एकदा स्वतः पाहिलं आणि आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं.

"अठराला दुकानवाले हसत घेतात," अण्णा म्हणाले. भाव लादीचा, म्हणजे सहा पावांचा. "ताईंना घरचं म्हणून सतरा. माझा खर्चच सतरा हाय, त्याच्या खाली कसा देऊ?"

"मना पंधराला दारात येतो," ताई म्हणाल्या. "घरचं म्हनून दोन रुपये जास्त द्यायचे, ही कनची रीत?"

"नावड्याचा पाव दुपारपर्यंत चामडं होतो, ताई."

"तुमचा सकालीच होतो, अण्णा. माजेकडं एवढी मानसं जेवतात, कोनी बोलला नाय."

शेठ हसले, पण मग ताईंकडे बघून म्हणाले, "किचन तोट्यात आहे. सप्टेंबरअखेर वर आलं नाही तर तुमचा बोनस नाही, आणि मार्चपर्यंतही आलं नाही तर मी ते बाहेरच्या कंत्राटदाराला देणार." ताईंनी पदर नीट केला फक्त. कंत्राटदार आला तर गावच्या बायका जाणार, हे सगळ्यांना कळलं. शेठ माझ्याकडे वळले. "तुम्ही मांडा आकडे."

मी बोर्डापाशी गेलो. माझ्यासारख्या अबोल माणसाला मार्कर हातात असला की बरं वाटतं.

अण्णांचे सतरा मी फोडून दाखवले. त्यातले तेरा हे एकेका लादीमागे खरोखर वाढणारे: मैदा, यीस्ट, इंधन, पोचवणं, विक्री. उरलेले चार म्हणजे भाडं, पगार, मशीनचे हप्ते. "हे चार लादी भाजली तरी जातात, नाही भाजली तरी जातात," मी म्हणालो. "भट्टी रिकामी असताना ते ताईंकडून मागायचं कारण नाही. तेराच्या वर जे मिळेल ते अण्णांना आज मिळत नसलेलं आहे."

"म्हणजे पत्ते खेळण्यापेक्षा बरं," शेठ म्हणाले.

"माझी माणसं पत्ते चांगले खेळतात," अण्णा म्हणाले.

ताईंची बाजू सोपी होती. बाहेर पंधराला मिळतो, त्याच्या खाली जे वाचेल ते त्यांचं. म्हणजे तेराच्या खाली अण्णा देणार नाहीत, पंधराच्या वर ताई घेणार नाहीत, आणि मधे कुठेही बसलं तरी दोघांचं भलं. मी बोर्डावर दोन रेघा मारल्या आणि मधली जागा रंगवली. शाळेनंतर प्रथमच काही रंगवलं असेल.

"आनि बुधवारी?" ताईंनी विचारलं. बुधवारी पावभाजी. रोज पाचशे लाद्या लागतात, त्या दिवशी आठशे.

भट्टी दोन हजार लाद्या भाजू शकते, दुकानांना चौदाशे जातात, सहाशेची जागा मोकळी. वरच्या दोनशेंसाठी अण्णांना दुकानांचा माल तोडावा लागेल. "तिथे लादीमागे अण्णांना पाच सुटतात," मी म्हणालो. "अठरातून तेरा. ते बुडणार असतील तर तेही तुमच्याकडूनच वसूल करावे लागतील, आणि मग भाव पंधराच्या वर जातो. तेवढ्या दोनशे नावड्याच्याच घ्या. कंपनीलाही तेच स्वस्त."

"बरा हाय," ताई म्हणाल्या. "नावडेवाल्याला तोंड दाखवायला जागा तरी रायली."

भाव चौदा ठरला. बरोब्बर मधला. अण्णांनी खारीचा ट्रे मागवला, ताईंनी आलं घातलेला चहा पाठवला, आणि बाहेर ऐकत उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात माझ्यासाठी वाजलेल्या टाळ्या तेवढ्याच. लग्नातल्या भटजींसाठी होत्या.

गंमत पुढे आहे. टेम्पो आणायचा, वळवायचा कशाला, म्हणून अण्णांनी भिंतीत एक खिडकी पाडून घेतली. एप्रिलच्या पहिल्या सकाळी मी मुद्दाम बघायला गेलो. इकडून भट्टीवरच्या माणसाचा हात यायचा, तिकडून ताईंच्या बाईचा, आणि गरम पावांचा ट्रे सरळ पलीकडे. वरून शेरे. "दादा, एक करपलाय." "तो तुला, वैनी." सगळे खूश होते. मीही चहाचा कप घेऊन खूश उभा होतो.

आणि तिथेच मला कळलं. माझ्या तेरामधले दोन रुपये म्हणजे दुकानांत माल खपवणाऱ्या डीलरचं कमिशन आणि गाडीचा खर्च. दुकानांसाठी तो खरा. पण या खिडकीत कुठला डीलर? कुठली गाडी? मधे दोन हात आणि एक ट्रे. म्हणजे आतल्या मालासाठी अण्णांची खालची रेघ तेरा नव्हतीच, अकरा होती. जागा अकरा ते पंधरा, आणि तिचा मध्य तेरा. मी ताईंना लादीमागे एक रुपया चढवून दिला होता. चहा तसाच खिशाजवळ कलंडला. शर्टावर डाग पडला तो गेला नाही.

जाऊन सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी नाही सांगितलं. स्वतःला म्हणालो, कंपनीला काय फरक? बाहेर पंधरा जायचे, आत अकराच लागतात, चार वाचतात. भाव तेरा असो की चौदा, ते चार फक्त अण्णा आणि ताईंमध्ये वाटले जातात. एकाच शर्टाचे दोन खिसे. हे हिशेबाने बरोबर होतं, म्हणून तर इतकं सोयीचं होतं. खरं कारण त्या टाळ्या. बोर्डावर रंगवलेली जागा पुसून मी पुन्हा काढायची, तीही अण्णांसमोर, हे मला जमलं नाही.

सप्टेंबरअखेर किचन तोट्यात निघालं. थोडक्यात. मी घरी जाऊन रोजच्या लाद्यांवर एकेक रुपया धरून बघितला: ती तूट भरून वर थोडं उरलं असतं. ताईंचा दिवाळीचा बोनस गेला. त्यांनी स्वतःच्या पैशांतून बायकांना साड्या दिल्या आणि मला म्हणाल्या, "साहेब, तुमी पावाचा तिढा सोडवला म्हनून एवढ्यावर आलो, नायतर बुडलोच व्हतो." मी मान हलवली. कशासाठी हलवली कोण जाणे.

त्यानंतर मी शेठकडे गेलो आणि म्हणालो, आतल्या मालाचा भाव एक रुपया उतरवता येईल, अण्णांना तरीही लादीमागे दोन सुटतात. कमिशनचं सांगितलं, पण असं, की जणू मी नवीनच काही बारकाईने शोधून काढलंय. माझी चूक होती हे वाक्य तेवढं गाळलं. अण्णा कुरकुरले. "साहेब आता ताईंच्या पार्टीत." पण मानले, पत्त्यांपेक्षा दोन रुपये बरेच. मार्चला किचन नफ्यात आलं. कंत्राटदाराचा विषय कायमचा संपला. ताईंनी त्या दिवशी पहिल्यांदा जवळ्याचा डबा पाठवला, वर निरोप: "आमच्यासाठी भांडल्याबद्दल."

अण्णा अजून मला 'पार्टी' म्हणून हाक मारतात. खिडकी अजून आहे, आता तिला जाळी बसवली आहे, कारण मांजरालाही घरचा भाव मिळायला लागला होता. बुधवारी नावड्याचा टेम्पो येतो आणि ड्रायव्हर खारी खातो.

सगळं छान चाललं आहे. तो बोनस मी माझ्या खिशातून देऊ शकेन, पण कशाचा म्हणून देणार? आधी कारण सांगावं लागेल. ताई मला विचारतील, कधी कळलं? आणि मला सांगावं लागेल, पहिल्याच सकाळी, खिडकीसमोर.

ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तो रुपया उपकार नव्हता, माझी चूक होती आणि मला ती माहीत होती: एवढं मी ताईंना समोर बसून सांगायचं बाकी आहे, आणि त्या वर्षीचा त्यांचा बोनस द्यायचा बाकी आहे.