ताईची पिवळी ओळ

आमच्या ताईला औषधांपेक्षा त्यांच्या मुदतीची काळजी जास्त. दुकान माझं, पण फार्मासिस्ट ती. म्हणजे मालक कोण, ते समजून घ्या! नवा माल आला की प्रत्येक खोक्याचा बॅच नंबर आणि मुदत कॉम्प्युटरवर चढल्याशिवाय ती फळीला हात लावू देत नाही. जुनी बॅच पुढे, नवी मागे. मी एकदा उलटं लावलं, तर आठवडाभर टोमणे ऐकले.

मुदत संपायला सहा महिने उरले की स्क्रीनवर ओळ पिवळी होते, तीन उरले की लाल. लाल झालेला माल आमचा होलसेलवाला परत घेत नाही. म्हणून पिवळी दिसली रे दिसली की मी परतीचं खोकं बांधायला घेतो.

त्या सकाळी फिटच्या गोळ्या पिवळ्या झाल्या. मी खोकं काढलं.

"थांब," ताई म्हणाली. "या गोळ्या मी फक्त शिंपीकाकांसाठी मागवते. उरल्याच कशा?"

"दुसरीकडून घेत असतील. तुझी बोलणी कोण रोज खाणार?"

तिने आजूबाजूच्या सगळ्या दुकानांत फोन केले. ही गोळी कुणीच ठेवत नव्हतं. मग बाईसाहेब पांढरा कोट तसाच घालून निघाल्या. मी शटर ओढून मागे पळालो, चडफडत. अहो, धंद्याच्या वेळी ही काय वरात!

काका मशीनवर पँट शिवत होते. काकू इस्त्री करत होत्या.

"काका, गोळ्या?"

"बंद केल्या. दोन वर्षांत एकदाही फिट आली नाही. ठणठणीत आहे मी!"

"आली नाही ती गोळ्यांमुळेच ना!" ताईचा आवाज चिरकला. तिला रडू येत होतं, आणि रडू आलं की ती ओरडते. "मशीनवर फिट आली तर? सुईखाली हात असतो तुमचा!"

काकूंनी इस्त्री उभी केली. "परवा तुम्ही शिवता शिवता थांबला होतात," त्या काकांना म्हणाल्या. "हाक मारली तरी ओ दिली नाहीत. मला वाटलं, डोळा लागला."

काकांना त्यातलं काही आठवत नव्हतं. त्यांनी मशीनवरून पाय काढला.

"आज नेहमीची गोळी लगेच देऊ का यांना?" काकूंनी विचारलं.

"मनाने नाही. आधी डॉक्टर. मीही येते."

डॉक्टरांनी गोळ्या नव्याने, कमी ताकदीपासून सुरू केल्या. म्हणजे आमच्याकडच्या जास्त ताकदीच्या पट्ट्या काही कामाच्या नव्हत्या. संध्याकाळी ताईनेच त्या माझ्यापुढे सरकवल्या. "घे, पाठव परत. सकाळपासून तेच म्हणत होतास ना?"

खरंच तेच म्हणत होतो. सकाळीच पाठवल्या असत्या, तर काकांकडे कुणी गेलंच नसतं. मी खोकं बांधलं, आणि त्या दिवशी ताईला एकही उलट उत्तर दिलं नाही.