सोळा अक्षरांचा बोर्ड

साहेबराव सरांनी एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि हजारो वह्यांत लाल पेनानं एकच शेरा मारला : ‘मुद्दा विस्ताराने मांडा.’ सेवानिवृत्तीनंतर वडीगोद्रीत सत्काराचं मानपत्र असो की श्रद्धांजलीचा फलक, मजकूर सरांचाच. तो शेवटपर्यंत कोण वाचतं, हे त्यांनी कधी तपासलं नव्हतं. त्यात धोका होता.

मुलगी संध्यानं आयटीआय केलं, दोन वर्षं अंबडला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायचं, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळायचं काम केलं आणि हायवेलगत स्वतःचं दुकान घेतलं. रविवारी उद्घाटन. पोरगी मोटार भरणार म्हटल्यावर गावानं तोंडावर कौतुक केलं आणि जळालेल्या मोटारी मात्र नेहमीप्रमाणे अंबडला पाठवल्या. रस्त्यावरून जाणारं गिऱ्हाईक थांबलं तरच दुकान चालणार, म्हणजे सगळी भिस्त बोर्डावर. बोर्डासाठी संध्यानं स्वतःच तारेच्या वेटोळ्यात पाण्याचा थेंब असं चिन्ह काढलं आणि त्याच्या शेजारी, दुकानाच्या नावाखाली, एक ओळ लिहून द्यायला वडिलांना सांगितलं.

एक ओळ! सरांना जरा अपमानच वाटला. तरी दोन दिवस बसून त्यांनी लिहिलं : ‘बळीराजाच्या सेवेत अहोरात्र तत्पर, गुणवत्ता व विश्वासाचे एकमेव माहेरघर.’ चहाच्या टपरीवर वाचून दाखवलं तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. चहा सरांच्या खर्चानं होता, हा भाग अलाहिदा.

पेंटर कल्याण हा सरांचाच विद्यार्थी. त्यानं ओळ वाचली आणि आठ फुटी पत्र्यावर खडूनं आखणी केली. डावीकडे दोन फूट चिन्हाला, कडेनं थोडी मोकळी जागा, उरलेल्या साडेपाच फुटांत ही ओळ. बसवता बसवता अक्षरं मुंगीएवढी झाली. मग तो सरांना हायवेच्या पलीकडे घेऊन गेला आणि म्हणाला, “वाचा, सर.”

सरांनी चष्मा पुसला. डोळे बारीक केले. स्वतःच लिहिलेलं, पाठ असलेलं, तरी ‘बळी’च्या पुढं गाडी सरकेना.

“हे वाचायला ट्रक थांबवावा लागंल,” कल्याण म्हणाला. “एवढ्या लांबून दिसायला अक्षर चार इंच पाहिजे. म्हंजे सोळा-सतरा अक्षरं, बास. तुम्ही मला थोडक्यात लिहिलं म्हणून दहात तीन मार्क दिल्ते, आठवतं का?”

सरांना आठवत नव्हतं, पण दिले असणार याची खात्री होती.

घरी येऊन त्यांनी काटछाट केली आणि ‘विश्वासाचे दुसरे नाव’ काढलं. मापात चपखल. संध्यानं शांतपणे सांगितलं की हेच तुपाच्या डेअरीवर आहे, सोनाराकडं आहे आणि दातांच्या दवाखान्यावरही आहे. ‘अहोरात्र’ गेलं ते बरंच झालं, कारण ती सातला शटर ओढणार होती. सर फुगून बसले. पोरीचं दुकान राहिलं बाजूला आणि आपण आपल्या शैलीचं सुतक धरून बसलोय, हे त्यांना कळत होतं. तरी जेवणाच्या ताटापर्यंत ते फुगलेलेच राहिले.

तेवढ्यात संध्याचा फोन वाजला. पलीकडं अंबडच्या कामापासून ओळखीचा कुणी शेतकरी होता. ती म्हणाली, “हो, जळालेली मोटार दोन दिवसांत चालू करून देते.” आणि ठेवला.

“एवढंच विचारलं त्यानं?” सर म्हणाले.

“सगळे एवढंच विचारतात, पप्पा. पीक वाळून राह्यलेलं असतं.”

सरांनी वाक्य कागदावर उतरवलं आणि लाल पेन घेतला. ‘जळालेली’ खोडलं, चालू मोटार दुकानात कोण आणणार? ‘करून देते’ खोडलं. राहिलं : ‘मोटार दोन दिवसांत चालू.’ बोटांवर मोजलं, सोळात बसलं. आयुष्यात पहिल्यांदाच लाल पेनानं काही कमी केलं होतं. मग त्यांनी मास्तरासारखंच विचारलं, “पण खरंच होते ना दोन दिवसांत?” होते, ती म्हणाली, नाहीतर तिनं लिहूच दिलं नसतं.

रविवारी बोर्ड लागला. तीन दिवसांनी पुंजाराम नावाचे अनोळखी शेतकरी मोटार घेऊन उतरले आणि सरांनाच विचारू लागले, मिस्तरी कुठंय. सरांच्या ओठांवर स्त्रीशिक्षणावरचं अख्खं भाषण आलं. ते गिळून त्यांनी फक्त संध्याकडं बोट दाखवलं. पुंजाराम घुटमळले, परत बाहेर जाऊन बोर्ड बघून आले.

“आज बुधवार. म्हंजे शुक्रवारी?”

“शुक्रवारी,” संध्या म्हणाली.

शुक्रवारी मोटार तयार होती. पुंजारामांनी ती चालवून बघितली, गाडीत ठेवली आणि तिला म्हणाले, “पोरीचं दुकान म्हणून माघारी फिरणार होतो, बाई. पण बोर्डावर दिवस लिहून कोणी देत न्हाई. ज्यानं लिहिलं, त्याला कामाची खात्री असंल.”

संध्यानं वडिलांकडं पाहिलं. सरांना खूप काही बोलायचं होतं. पण ते एवढंच म्हणाले, “तिचंच वाक्य आहे.”