लवूशेठची पोटरी आणि काळा दोरा

लवू परबला मी आधी चालू माणूस समजले होते. आता आठवलं तरी हसू येतं.

चारकोपला आमच्या अबोली डॉक्टरांचा दवाखाना आहे. नंबर देणं, पट्टी बांधणं, पेशंटच्या पोटातलं काढून घेणं ही सगळी कामं माझी. तर हा लवूशेठ आला, डोक्याला तेल, शर्टाला कडक इस्त्री, आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणतो, "ताई, मित्राला रात्रीचा त्रास आहे."

मित्राला. रात्रीचा. माझी हयात गेली या काउंटरवर. म्हटलं, कळलं बाबा, कळलं. त्याला कोपऱ्यात बसवला, बायका आत गेल्या की बोलावते म्हटलं, आणि वर उपदेशही केला, "मित्राला सांगा, लाजू नये. या वयात होतं असं."

"होतं?" त्याचा चेहरा पडला. "सगळ्यांचा पाय जातो?"

"पाय?"

"पोटरीत गोळा येतो हो त्याच्या! दगड होतो नुसता!"

मी तोंड फिरवून कापसाचा डबा लावत बसले. डबा लावलेलाच होता.

डॉक्टरांनी आत मित्राची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मित्राचा पाय बघितल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही." लवूशेठ मान डोलावून गेला. दुसऱ्या दिवशी मित्राला घेऊन त्याची बायको आली. विमला. मनगटाला धरून.

"हा तो मित्र," ती म्हणाली. "झोपेत किंचाळतो. शेजारच्यांना वाटतं मी मारते. एवढं पुण्य माझ्या नशिबात कुठलं?"

मग खरी गोष्ट निघाली. लवूशेठचा थोरला भाऊ, गावाला मालवणकडे. त्याचं पोटरीच्या दुखण्यानंच सुरू झालं होतं. मग अंगठा काळा पडला, मग पाय गुडघ्याखाली कापला. लवूशेठ चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शर्टांच्या कारखान्यात स्टीम प्रेसवर उभा असतो. उभा म्हणजे उभाच. पाय गेला की प्रेस गेली. म्हणून महिनोन्‌महिने कोणाला सांगितलं नव्हतं. गावच्या देवाला मात्र सांगितलं होतं. आईने गाऱ्हाणं घालून काळा दोरा पाठवला होता, तो पोटरीला असा आवळून बांधला होता की खाली मांसात खाच पडलेली.

"भावाचं दुखायचं कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालताना. बाजारापर्यंत गेला की थांबायचा. उभा राहिला की बरं वाटायचं. परत चालला की परत."

"विडी?"

"बंडलं."

"आणि तुमचं? चालताना दुखतं?"

लवूशेठने पोटरीवर हात ठेवला. "नाय. मी कांदिवली स्टेशनपासून चालत येतंय. काय होत नाय. गादीवर पडलो की मगे."

"तुमच्या भावाच्या पायाला रक्त कमी पोचत होतं. तसला पाय चालायला लागलं की बोंबलतो, कारण तेव्हा स्नायूला जास्त रक्त लागतं. तुमचं झोपेत येतं, स्नायू एकदम आखडतो. वेगळी गोष्ट आहे. तरी बघते." डॉक्टरांनी पावलावर बोटं ठेवली, मग घोट्याच्या हाडामागे. दोन्ही पायांना. पाय गार आहे का, जखम आहे का, एकच पोटरी सुजून लाल-गरम झालीय का, सगळं पाहिलं. "नाडी चारही जागी छान लागतेय. ह्या पायाला रक्त पोचतंय."

लवूशेठने आढ्याकडे पाहिलं. विमलाने पदराचं टोक डोळ्याला लावलं आणि लगेच म्हणाली, "पंखा केवढा धूळ उडवतो तुमचा."

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

विमलाने पिशवी उलटी केली. बीपीची एक गोळी जुनी. त्या गोळीने पाय सुजायला लागले म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी वर पाण्याची गोळी जोडलेली, म्हणजे लघवी जास्त करवणारी. ती लवूशेठ रात्री जेवल्यावर घ्यायचा. मग रात्रभर उठायचा. मग उठायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणी बंद. दिवसा कारखान्यातला संडास दुसऱ्या मजल्यावर, खाली प्रेस सोडून जायचं म्हणजे सुपरवायझरचं थोबाड बघायचं, म्हणून दिवसाही पाणी बंद. आणि समोर वाफ. अंगातून घामाच्या धारा.

"म्हणजे भट्टीसमोर उभे राहता, पाणी पीत नाही, आणि वर पाणी काढायची गोळी घेता," डॉक्टर म्हणाल्या.

"पण मी ताकात मीठ घालून देते ना," विमला म्हणाली. "चांगलं मूठभर. घामातलं मीठ भरून निघायला."

"बीपीच्या माणसाला?"

विमला गोळ्या परत पिशवीत भरायला लागली. लवूशेठच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा आनंद दिसला.

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, आणि रिपोर्ट आल्यावर दोघं परत आली. पोटॅशियम थोडं कमी होतं. बाकी सोडियम, कॅल्शियम, किडनी ठीक. डॉक्टर म्हणाल्या, पाण्याच्या गोळीने लघवीतून पोटॅशियम जातं. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, मी बदलून देते, आणि बीपी दाखवायला यायचं. पोटॅशियमचं औषध कोणी सांगितलं म्हणून दुकानातून आणून प्यायचं नाही, जास्त झालं तर हृदयाला धोका. पाणी दिवसभर थोडं थोडं. मूठभर मीठ बंद.

मग उठून भिंतीला हात टेकून दाखवलं. एक पाय मागे, टाच जमिनीवर, गुडघा सरळ, पोटरी ताणायची. झोपायच्या आधी रोज. "आणि गोळा आला की पावलाची बोटं स्वतःकडे ओढायची. तुम्ही काय करता?"

"पाय लांब ताणतंय. तिकडे."

"तिकडे ताणलं की गोळा आणखी घट्ट होतो."

"म्हणून मी एवढा बोंबलायचो?"

"म्हणून शेजारचे मला बघायचे," विमला म्हणाली.

शेवटी डॉक्टरांनी कात्री घेतली. "हा दोरा कापते. पायाला काचतोय."

लवूशेठने पाय असा मागे घेतला की स्टूल पडलं. "तो नाय!"

बरीच हुज्जत झाली. शेवटी दोरा सैल करून बोटं सहज जातील असा बांधायचा, यावर समेट झाला. बांधून मीच दिला.

काही आठवड्यांनी लवूशेठ बीपी दाखवायला आला. पोटॅशियम जाग्यावर आलं होतं. गोळे पार गेले नव्हते, पण क्वचित यायचे, आणि बोटं ओढली की सुटायचे. शेजारच्यांनी विमलाची बदनामी बंद केली होती. कारखान्यात लवूशेठची ती भिंतीची कसरत बघून दोघंतिघं करायला लागली होती, सुपरवायझरला वाटलं मोर्चा आहे.

"बघा," डॉक्टर म्हणाल्या. "उपाय लागू पडला."

"कुठला?"

"म्हणजे?"

"गोळी बदललात, पाणी वाढवलात, मीठ काढलात, भिंत ढकलायला लावलात. त्यातलं नेमकं कुठलं लागू पडलं?"

आमच्या डॉक्टर खोटं बोलत नाहीत, तीच त्यांची अडचण. "नेमकं सांगता येत नाही. पोटॅशियम असेल, पाणी असेल. ताण दिल्याने असेल. पुष्कळांचे गोळे आपोआपही कमी होतात."

"मगे दोरो नाय, ह्या कशावरना?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं, खरंच धूळ फार झालीय.

"दोऱ्याने असं होत नाही, लवूशेठ."

"पण तुमका म्हायत नाय कशान झाला ता."

"...नाही."

"मग तो पण कागदावर लिवा. गोळीच्या खाली. म्हणजे विमला दोरो धुवूक काढूची नाय."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. मग लिहिलं, "काळा दोरा, चालेल. सैल." खाली सही केली.

लवूशेठने कागद वाचला, परत पुढे सरकवला आणि म्हणाला, "शिक्का राहिला."

शिक्का मी मारला.