मेस्त्रीच्या खिशातला बिल्ला

कानडी मुलखातल्या फॅक्टरीत आम्ही बायका बाकावर ओळीनं बसून बारीक तार गुंडाळायचो. संडासाला जायचं तर लाकडी बिल्ला घ्यायला लागायचा. ओळीला एकच बिल्ला, म्हणजे एका वेळी एकच बाई बाहेर. नियमानं तो दाराजवळच्या खिळ्याला पाहिजे, पण आमचा मेस्त्री, म्हणजे ओळीवरचा मुकादम, तो खिशात ठेवायचा.

थोरली पोटात होती तेव्हा मी बिल्ला मागितला. म्हणाला, "आत्ताच गेली होतीस की." परत मागितला. "स्वल्प थांब, जरा दम धर." मी बाकावरच भिजले. त्यानं फडकं टाकलं आणि सगळ्यांदेखत मलाच पुसायला लावलं. पुसलं. रडले नाही. पण याला एक दिवस सगळ्यांसमोर खाली बघायला लावायचं, हे तेव्हाच मनात धरलं.

पुढं कंपनीनं नव्या कामगारांना दाखवायला फिल्म करायची ठरवली. वेलफेअरचे साहेब बेळगावकडचे, मराठी बोलायचे. जेवणाच्या सुट्टीत आले आणि लिहिलेलं वाचायला लागले. कागदावर डावीकडं काय दिसणार ते, उजवीकडं काय बोलायचं ते. "आमची कंपनी म्हणजे एक सुखी कुटुंब."

शेजारची म्हणाली, "कुटुंबात सासू पण असती साहेब. ती कुठाय?"

साहेबही हसले. "म्हणूनच आलोय अक्का. जाहिरात नको मला. नवी पोरगी पहिल्या दिवशी कशाला घाबरती ते सांगा. त्यातनंच इथली रीत कळू दे."

मेस्त्री तिथंच उभा होता. मी म्हटलं, "संडासाला जायला घाबरती. बिल्ला खिळ्याला असतो, घ्यायचा आणि जायचं, कुणाला विचारायचं नाही. तेवढं दाखवा."

"असंच चालतं इथं?"

"नियम असाच आहे. खिळा बघा तुम्ही."

साहेबांनी रिकामा खिळा बघितला, मग मेस्त्रीचा फुगलेला खिसा. "फिल्ममधी खोटं घालणार नाही मी. आधी बिल्ला तिथं जाऊ दे, मग लिहितो."

"सरी, बरं," मी म्हटलं. "अडकवताना मेस्त्रीअण्णाच दिसू देत. पोरींना ओळख होईल."

"मी कशाला," मेस्त्री पुटपुटला. साहेबांनी लिहून घेतलं.

शूटिंगला मोठे दिवे लावले. बिल्ला हलायचा, नाहीतर मेस्त्रीची सावली पडायची, म्हणून कॅमेरावाला त्याला परत परत अडकवायला लावायचा. सगळी ओळ बघत होती. तो घामानं भिजला. फडकं माझ्या हाताशीच होतं. दिलं नाही.

मग नवी तुकडी आली की कँटीनचे पडदे ओढून फिल्म लागायची. त्यात आवाज म्हणायचा, "हे तुमचे मेस्त्री. बिल्ला इथं असतो. यांना विचारायला नको." मेस्त्रीही मागं उभा असायचा.

एकदा नवी पोरगी त्याच्यासमोरनं सरळ खिळ्याकडं गेली.

"काय गं, विचारायची पद्धत नाही?"

"फिल्ममधी तुम्हीच दाखवलंय की अण्णा."

सगळी ओळ त्याच्याकडं बघायला लागली. त्यानं मान खाली घातली. मी तार गुंडाळत राहिले. लई बरं वाटलं. अजून आठवलं तरी वाटतं.